घोंगडी, फोम आणि कोंडलेला आवाज

जाहिराती, माहितीपट, श्राव्य पुस्तके यांसाठी निवेदन करणारी पुष्कळ मंडळी आता घरच्या घरीच ध्वनिमुद्रण करतात. दिल्लीत असो, इंदुरात असो, की बंगळुरात असो, भाड्याच्या खोलीच्या भिंती सारख्याच. सिमेंटचा गिलावा, फरशी, काचेची खिडकी. अशा खोलीत बोललेले वाक्य मायक्रोफोनपर्यंत एकदा सरळ पोहोचते आणि मग भिंतींवरून आपटून आपटून पुन्हा पुन्हा पोहोचते. ऐकणाऱ्याला निवेदकाबरोबर त्याची खोलीही ऐकू येते. हे टाळावे म्हणून माणूस घोंगड्या आणि फोम जमवून एक छोटी खोपी उभारतो. ध्वनिमुद्रण ऐकतो, तो खोली नाहीशी झालेली असते हे खरे, पण आवाज डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. आधीचा दोष परवडला, असे वाटू लागते. हा डबा येतो कोठून आणि तो टाळायचा कसा, एवढाच येथे प्रश्न आहे.

मऊ वस्तू नाद पिते हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. पण किती पिते याचे मोजमाप प्रथम केले ते हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सेबिन यांनी. १८९५ साली त्यांच्याकडे एक नवे व्याख्यानगृह सोपविण्यात आले. त्यात उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. सेबिन यांनी जवळच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून मांडल्या आणि ऑर्गनची एक नळी वाजवून तिचा नाद विरायला किती वेळ लागतो ते मोजले. गाद्या वाढत गेल्या तसा घुमण्याचा काळ घटत गेला. मात्र ती नळी एकाच स्वराची होती. पुढे त्यांनी निरनिराळ्या उंचीचे स्वर घेतले, तेव्हा दिसले की तीच वस्तू उंच स्वर अधाशीपणे पिते आणि खालच्या स्वराला जवळजवळ स्पर्शही करीत नाही. घरगुती खोपीतल्या डब्याचे मूळ या एका निरीक्षणात आहे.

घोंगडी किंवा फोम नाद पितो तो घर्षणाने. नाद म्हणजे हवेची मागेपुढे होणारी हालचाल. ही हवा तंतूंच्या दाटीतून घासत जाते आणि तिची शक्ती किंचित उष्णतेच्या रूपाने विरून जाते. पण कठीण भिंतीला अगदी चिकटून असलेली हवा हलूच शकत नाही. भिंत तिला अडवते. हवा सर्वांत जास्त हलते ती भिंतीपासून तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाएवढ्या अंतरावर. सेकंदाला ३००० कंपने असलेल्या नादाची तरंगलांबी सुमारे साडेअकरा सेंटिमीटर. तिचा चौथा हिस्सा तीन सेंटिमीटरांच्या आत, म्हणून अडीच सेंटिमीटर जाडीचा फोम त्याला पुरतो. ४०० कंपनांच्या नादाला हाच चौथा हिस्सा साडेएकवीस सेंटिमीटर पडतो. त्याच्या दृष्टीने भिंतीला चिकटविलेला अडीच सेंटिमीटरचा फोम म्हणजे नुसता रंगाचा हात.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. एका निवेदकाने प्लायवूडची पेटी करवून घेतली, असे समजा. आतून रुंदी ९० सेंटिमीटर, खोली ९० सेंटिमीटर आणि उंची १८० सेंटिमीटर. आत स्टुलावर बसून बोलायचे. चारही बाजूंना अडीच सेंटिमीटर जाडीचा फोम डकविला. दिसायला पेटी नीटनेटकी. पण समोरासमोरच्या दोन कठीण भिंतींमध्ये जो नाद नेमका बसतो, तो तेथे झुलत राहतो. अशा सर्वांत खालच्या नादाची तरंगलांबी भिंतींमधील अंतराच्या दुप्पट असते. नादाचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरला, तर ९० सेंटिमीटरच्या अंतराला सुमारे १९२ कंपने येतात. रुंदी आणि खोली सारखीच, म्हणून दोन्हींकडून हाच आकडा. उंची दुप्पट, म्हणून तिचा पहिला नाद ९६ कंपनांचा आणि दुसरा पुन्हा १९२ चा. तिन्ही दिशांनी एकाच स्वराला उचलून धरले. रुंदी आणि खोली यांचा दुसरा नाद ३८३ च्या आसपास, तोही दोन्हींकडून एकच.

हे आकडे माणसाच्या आवाजात कोठे पडतात ते पाहिले म्हणजे डब्याचा उलगडा होतो. स्त्रीच्या बोलण्याचा मूळ स्वर बहुधा २०० च्या जवळपास असतो; पुरुषाचा त्याच्या निम्म्याच्या आसपास, पण त्याचा दुसरा अंशस्वर तेथेच येतो. आणि ४०० च्या भोवतीचा पट्टा तर ‘ए’ आणि ‘ओ’ या स्वरांच्या घडणीतला. म्हणजे पेटी निवडक शब्दांना फुगविते. त्याच वेळी फोमने उंच नाद पिऊन टाकलेले असतात, ‘स’, ‘त’, ‘च’ यांची धार बोथट झालेली असते. वरचा तजेला गेला आणि मधला फुगवटा राहिला. कानाला जो डबा वाटतो तो हाच. अधिक पातळ फोम आणून डकविला तर दोष वाढतोच, कारण त्याने वरचेच आणखी कापले जाते.

बसण्याच्या जागेचाही येथे हात आहे. निवेदक सहसा तोंड पेटीच्या बरोबर मध्यावर ठेवतो. मध्यावर रुंदीचा आणि खोलीचा पहिला नाद अगदी दुबळा असतो, परंतु दुसरा, म्हणजे ३८३ चा, पूर्ण जोरात असतो. तोंड आणि मायक्रोफोन दोन्ही बाजूला सरकवून भिंतीपासून एकतृतीयांश अंतरावर आणले, तर दोन्ही नाद निम्म्या जोराने मिळतात. एकटा कोणी डोके वर काढीत नाही. खर्च काहीच नाही आणि फरक मात्र लगेच कळतो.

पण खरा उपाय म्हणजे कठीण भिंतीच न ठेवणे. नुसती लोंबती घोंगडी खालच्या नादांना अडवीत नाही. ते तिच्यातून आरपार निघून जातात, आणि जे आत राहत नाही ते आत घुमतही नाही. घोंगडीचा हा दुबळेपणाच येथे गुण ठरतो. म्हणून सांगाडा नळकामाच्या पीव्हीसी नळ्यांचा करावा. रुंदी १२० सेंटिमीटर, खोली १५०, उंची २००. एक इंची नळीचे सहा मीटर लांबीचे तीन नग पुरतात. पहिल्यातून दोन-दोन मीटरचे तीन खांब निघतात. दुसऱ्यातून चौथा खांब, १२० सेंटिमीटरचे दोन आणि १५० सेंटिमीटरचा एक तुकडा. तिसऱ्यातून १५० चे तीन आणि १२० चा एक. वरचा चौकट पूर्ण, खालची दाराची बाजू मोकळी. कोपऱ्यांत जोड बसवावेत, पण ते चिकटवू नयेत, म्हणजे सांगाडा सोडून गाठोडे बांधता येते. मापे परस्परांच्या पटीत नाहीत, हेही लक्षात ठेवण्याजोगे.

बाहेरच्या नळीवर एक घोंगडी टाकावी आणि तिच्या आत दहा सेंटिमीटरवर दोरी ताणून दुसरी. मधली हवा फुकटची जाडी देते. तंतू जेथे हवा हलते तेथे येतात. घोंगडी ताणून न बसविता चुण्या घालून सोडावी. वर छत म्हणून गोधडी पसरावी, कारण छत विसरले तर फरशी आणि खोलीचे छत यांच्यामधला निनाद तसाच राहतो. पायाखाली जाड सतरंजी. खोपी खोलीच्या भिंतीला टेकवून उभी करू नये. तसे केले तर घोंगडीमागे पुन्हा कठीण भिंत आली.

फोम वापरायचा तो थोडा, पण जाड. गादीचा दहा सेंटिमीटर जाडीचा तुकडा घ्यावा आणि प्रथम निवेदकाच्या पाठीमागे टांगावा. पुष्कळजण तो मायक्रोफोनच्या मागे लावतात. परंतु या कामी बहुधा वापरला जाणारा मायक्रोफोन समोरचे ऐकतो, पाठीमागचे कमी ऐकतो. आणि त्याच्या समोर, निवेदकाच्या डोक्यापलीकडे, जी भिंत असते तिचाच परावर्तित नाद त्याला सर्वांत स्पष्ट मिळतो. फोम घेताना एक सोपी परीक्षा करावी. त्यावर तोंड टेकून फुंकर घालावी. श्वास पलीकडे गेला तर नादही आत शिरेल. सामान बांधण्याचा पांढरा फोम किंवा थर्मोकोल यांतून श्वास जात नाही, आणि ते या कामी निरुपयोगी आहेत.

या खोपीकडून एक अपेक्षा मात्र ठेवू नये. आतला नाद पिणे वेगळे आणि बाहेरचा गोंगाट थांबविणे वेगळे. दुसऱ्या कामाला वजन आणि हवाबंदपणा लागतो. घोंगडीपाशी दोन्ही नाहीत. रिक्षाचा भोंगा आणि शेजारच्या कुकरची शिटी आत येणारच. त्यांच्यापुढे पहाटेची वेळ हाच उपाय. शिवाय पंखा बंद असल्यामुळे आतली हवा लवकर तापते व कोंदट होते. दर वीस मिनिटांनी बाहेर यावे. गादीचा फोम झटकन पेट घेतो, म्हणून आत तापणारा दिवा नसावा. थंड एलईडी दिवा असावा आणि तोही फोमपासून दूर.

खोपी जमली की नाही हे टाळी वाजवून कळत नाही, कारण टाळीत उंच नादच फार. त्यापेक्षा ‘आ’कार लावून खर्जापासून सावकाश, कोठेही न थांबता, वर सरकत जावे आणि ते ध्वनिमुद्रित करावे. एखाद्या स्वरावर आवाज एकाएकी फुगला, की खोपी तेथे आपला सूर मिसळीत आहे असे समजावे. मग जागा थोडी सरकवून, घोंगडी भिंतीपासून दूर घेऊन पुन्हा तेच करावे. नंतर एकच परिच्छेद तीन ठिकाणी वाचावा: उघड्या खोलीत, खोपीत आणि रात्री शांत गच्चीवर. गच्चीवर भिंत नाही, छत नाही. तेथला आवाज हा त्या निवेदकाचा स्वतःचा. खोपीतला आवाज त्याच्या जितका जवळ जाईल तितकी ती चांगली. ध्वनिमुद्रणानंतर यंत्रावर ४०० च्या आसपासचा पट्टा कमी करून डबा काहीसा झाकता येतो. पण ज्या ‘ओ’ने तो फुगवटा घेतला नव्हता, तोही त्याबरोबर खंगतो. म्हणून कापणी यंत्रावर करण्याआधी घोंगडी दहा सेंटिमीटर सरकवून पाहावी.