नव्या मंडळात पहिली ओळख कशी करून द्यावी?

आम्ही परसबागेच्या नादाच्या पाचजणी, एकाच गावच्या, एकाच बचतगटातल्या. गटात आमची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. कुणाची सून कोण, कुणाचं माहेर कुठलं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण गेल्या वर्षी आम्ही बाजारच्या गावातल्या परसबाग मंडळात जायला लागलो आणि पहिल्याच दिवशी अडलो. तिथं वीस-बावीस बायका, सहा-सात गावांच्या. गोल करून बसलेल्या. एकेकीनं उठून आपली ओळख सांगायची होती. आज आम्ही त्या पहिल्या ओळखीबद्दलच बोलणार आहोत.

पहिल्या बैठकीत आम्ही काय केलं, ते आधी सांगतो. आम्ही उठलो, नाव सांगितलं, गाव सांगितलं, मालकांचं नाव सांगितलं, मुलं किती ते सांगितलं. एकजण म्हणाली, "मला बागेतलं काही येत नाही, शिकायला आले." दुसरी म्हणाली, "मला आवड आहे." बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि पुढचीची पाळी आली. तास गेला. निघताना आमच्यापैकी कुणालाही कुणी काही विचारलं नाही, आणि आम्हीही कुणाला काही विचारलं नाही. विचारणार तरी काय? कुणाच्या परसात काय लागतं आणि कुणाचं काय अडलंय, हे कळलंच नव्हतं. आम्ही खोटं काही बोललो नव्हतो, पण धरायला दोरा कुठं ठेवला नव्हता.

दुसऱ्या बैठकीला मंडळातल्या थोरल्या आक्का म्हणाल्या, "नव्या आलेल्यांनी पुन्हा एकदा सांगा. पण या वेळी घरचं कमी आणि परसातलं जास्त सांगा." तेव्हा आमच्यातल्या वैनी उठल्या. त्या जे बोलल्या ते आम्हाला जवळजवळ पाठ आहे, म्हणून जसंच्या तसं सांगतो.

नाव-गाव सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आमचं घर ओढ्याच्या वरच्या अंगाला आहे. जमीन मुरमाड. मी वेलासाठी दोन फूट खड्डा घेऊन त्यात माती आणि कुजलेलं शेणखत भरलं. पाणी भाजी धुतलेलं आणि हातपाय धुतलेलं, दिवसाला दोन बादल्या. दोन वर्षं झाली भाजी लावतेय. मेथी, चवळी, मिरची जमते. माझ्याकडे माहेरचं दुधीचं बी आहे, बुटक्या तांब्यासारखा दुधी. आईच्या मागं ते बी दुसऱ्या कुणाकडं राहिलं नाही. सात बिया होत्या, सातही मृगात लावल्या, दोनच वेल आले. आता मांडवभर पसरलेत. फुलं रोज येतात. बारकी फळं धरतात, बोटाएवढी होतात आणि गळतात. एक फळ बियाला राहिलं नाही तर माझ्या आईचं बी संपलं. माझ्याकडे चवळीचं गावठी बी भरपूर आहे, कुणाला हवं तर पुढच्या वेळी आणते."

एवढंच. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पण वैनी बसल्या आणि लगेच तीन बाजूंनी आवाज आले.

त्या बोलण्यात काय होतं ते आम्ही घरी येताना एसटीत बसून मोजलं. चार गोष्टी होत्या. पहिली म्हणजे आपली जागा, म्हणजे माती कशी, पाणी किती, वेल कशावर चढवलाय. दुसरी, आपल्याला काय जमतं आणि किती दिवस करतोय. तिसरी, काय अडलंय, आणि तेही नेमकं. "दुधी लागत नाही" असं नाही, तर "फळ धरतं, बोटाएवढं होतं आणि गळतं" असं. चौथी, आपण काय देऊ शकतो. भले मूठभर चवळीच असेल.

तिसऱ्या गोष्टीत सगळी गोम आहे. समजा वैनी एवढंच म्हणाल्या असत्या, की "माझा दुधी लागत नाही." मग एकीनं शेणखत घाला म्हटलं असतं, दुसरीनं युरिया टाका म्हटलं असतं, तिसरीनं नजर लागली म्हटलं असतं. वैनींनी खत वाढवलं असतं, तर पानंच आणखी वाढली असती. पण त्या नेमकं बोलल्या, म्हणून समोरच्या काकूंना नेमकं विचारता आलं. काकूंनी विचारलं, "गळताना फळ पिवळं पडून सुकतं, की कुजतं? त्यावर टोचल्यासारखा डाग, चिकट थेंब दिसतो का?"

वैनी म्हणाल्या, "पिवळं पडतं, देठाकडून सुकतं. डाग नसतो."

काकू म्हणाल्या, "मग फळमाशी नाही. फळमाशीनं टोचलं असतं तर डाग असता, कापल्यावर आत अळी निघाली असती. तुमच्या मादीफुलाला पराग पोचत नाही."

त्यांनी तिथंच समजावलं. दुधीच्या वेलाला दोन तऱ्हेची फुलं येतात. नरफुलाचा देठ लांब आणि बारीक असतो, खाली काही नसतं. मादीफुलाच्या बुडाशी लव असलेला छोटा दुधीच असतो, म्हणून आपल्याला वाटतं फळ धरलं. ते फळ फुलाबरोबरच आलेलं असतं. पराग लागला तर वाढतं, नाही लागला तर चार-पाच दिवसांत पिवळं पडून गळतं. सुरुवातीला वेलावर नुसती नरफुलंच येतात. त्या दिवसांत फळ नसलं म्हणून घाबरायचं नाही. पण मादीफुलं येऊन गळत असतील, तर मात्र हात घालायचा.

आणि एक गोष्ट वैनींना माहीत नव्हती, आम्हालाही नव्हती. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि सकाळी ऊन चढेपर्यंत मलूल होतं. त्याच्यावर येतात ते रात्रीचे पतंग. लाल भोपळ्याचं पिवळं फूल भल्या सकाळी उमलतं, त्यावर मधमाशी येते. वैनी सकाळी भोपळ्याच्या वेलावर माश्या बघून निर्धास्त होत्या. दुधीला त्यांचा फारसा उपयोग नव्हता.

काकूंनी सांगितलेलं वैनींनी त्याच आठवड्यात केलं. दिवे लागणीच्या वेळी ताजं उमललेलं नरफूल देठासकट तोडलं, पाकळ्या मागं ओढून काढल्या. मधल्या दांडीवर पिवळी पूड दिसली. ती ताज्या मादीफुलाच्या मधल्या चिकट भागाला सगळीकडून हलकेच लावली. एका मादीफुलाला दोन नरफुलं वापरली.

पण इथं बियाचा प्रश्न होता. शेजारच्या परसात बाजारच्या बियाचा लांब दुधी होता. त्याचा पराग पतंगाबरोबर आला असता तर फळ दिसायला वैनींच्या आईच्या दुधीसारखंच झालं असतं, पण आतलं बी मिसळलं असतं. ते पुढच्या वर्षी लावल्यावर कळलं असतं. म्हणून दुपारीच, उद्या नव्हे तर आज संध्याकाळी उमलणार अशी फुगलेली पांढरी कळी ओळखायची. मादीकळीच्या आणि नरकळीच्या तोंडाला सुती दोरा हलकेच बांधायचा. संध्याकाळी दोरा सोडून पराग लावायचा आणि मादीफुलाचं तोंड पुन्हा बांधायचं. फूल सुकलं की दोरा काढायचा आणि देठाला रंगीत चिंधी बांधायची, म्हणजे घरातलं कुणी ते फळ भाजीला तोडत नाही. दुधी आणि लाल भोपळा शेजारी असले तरी चालतात. ते एकमेकांत मिसळत नाहीत.

वैनींनी सहा फुलं अशी बांधली. दोन गळाली. एक देठ बांधताना मोडला. तीन फळं धरली. एकाला नंतर फळमाशी लागली. दोन वेलावर ठेवली, साल टणक होऊन रंग उडेपर्यंत. दिवाळीनंतर देठ वाळला, फळ हलवल्यावर आत बी खुळखुळायला लागलं, तेव्हा उतरवली. बी काढलं, धुतलं, सावलीत वाळवलं. त्यातलं अर्धं बी मंडळातल्या चार घरांत गेलं. आता एका परसात वेल मेला तरी आईचं बी संपणार नाही.

एक सावधगिरी इथं सांगायलाच हवी. असं राखलेलं बी असो की बाजारचं, दुधीचा तुकडा चाखून तो कडू लागला तर ती भाजी खायची नाही आणि रस तर मुळीच प्यायचा नाही. कडू दुधी विषारी असतो, माणूस दवाखान्यात जाण्याची वेळ येते. आणि कडू फळाचं बीही राखायचं नाही.

आता पुन्हा ओळखीकडे येऊ. नवी बाई बोलते, तेव्हा जुन्यांचंही काम असतं. आमच्या मंडळात आता तीन रीती पडल्यात. नवीचं नाव एकीनं मोठ्यानं परत घ्यायचं, म्हणजे ती अमक्याची सून न राहता तिच्या नावानं ओळखली जाते. मग तिला आधी एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर आल्यावरच सल्ला द्यायचा. आणि सल्ला एका वेळी एकीनंच द्यायचा. पहिल्याच दिवशी पाचजणींनी पाच उपाय सांगितले, तर ती पाचही करून बघते आणि कशानं काय झालं हे तिला कळत नाही.

नव्या बाईनं दोन गोष्टी टाळाव्यात. "मला काही येत नाही" असं म्हणू नये. वैनी तसं म्हणाल्या असत्या तर त्यांची चवळी कुणाला कळली नसती. आणि उठल्या उठल्या सगळ्यांकडे बी मागू नये. आधी आपलं परस दाखवावं, मग मागावं.

नेमकं सांगितलं म्हणजे प्रत्येक वेळी उत्तर मिळतंच असं नाही. आमच्यातल्या एकीनं कढीपत्त्याची पानं पिवळी पडतात असं सांगितलं. कुणालाच बसल्या जागी कळलं नाही. पण पुढच्या महिन्यात एक फांदी घेऊन या, असं ठरलं, आणि ती पुन्हा आली. पहिल्या बैठकीनंतर ती येणं सोडणार होती.

तुमच्या जवळ असं मंडळ असेल, परसबागेचं, गोधडीचं, भजनाचं, तर जाण्याआधी घरात एकदा या चार गोष्टी तोंडानं म्हणून बघा. आपली जागा, आपल्याला जमतं ते, नेमकं अडलंय ते आणि आपण देऊ शकतो ते. गोधडीवालीनं कापड कुठलं, टाका कुठला आणि कोपरा कुठं वर येतो ते सांगावं. भजनवालीनं कुठल्या चालीत दम पुरत नाही ते सांगावं. दोन मिनिटांच्या वर जाऊ नका.

आमच्या वैनींच्या दुधीच्या बियाची पुडी आज आमच्यासोबत आहे. पुढच्या बैठकीला जी नवी बाई आपल्या परसाबद्दल सांगेल, तिला त्यातल्या पाच बिया मिळतील. नमस्कार.