पीकपालटाचा हिशेब किती वर्षांचा?
(पहूर परिसरातील कृषी विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



पीकपालट या विषयावर आपण सादरीकरण करणार आहात. उत्तरे शोधण्यापूर्वी प्रश्न नेमके असावेत, म्हणून तीन प्रश्न सुचवतो.

पहिला प्रश्न : उत्पन्न किती काळाचे मोजायचे? पहूरच्या काळ्या जमिनीत कापसावर कापूस घेतला जातो. जुनी रीत अशी, की एका वर्षी कापूस आणि दुसऱ्या वर्षी खरिपात मूग किंवा उडीद व त्यावर रब्बीत दादर. समजा, सलग तीन वर्षे कापूस घेणाऱ्याला एकरी सहा, पाच, पाच असा सोळा क्विंटल कापूस मिळाला. मधल्या वर्षी मूग-दादर घेणाऱ्याला दोन वर्षांत सहा-सहा असा बाराच मिळाला. कापसापुरते पाहिले तर तो चार क्विंटलने मागे आहे. मात्र त्याच्या बाजूला मूग, दादर, कडबा आणि वाचलेला फवारणीचा खर्च मांडावा लागेल. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपण आपल्या शिवारातले घाला. मुगाचा भाव पडला किंवा ऐन तोडणीत पावसाने शेंगा काळ्या पडल्या, तर पालट करणारा त्या वर्षी तोट्यातही जाईल. हे लपवू नका.

दुसरा प्रश्न : जमिनीत मागे काय उरले? मूग घेतला की नत्र वाढतेच, असे नाही. पेरणीनंतर पस्तीस-चाळीस दिवसांनी झाड उपटू नका, कुदळीने मातीसह खणून काढा. मुळावरील गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी असेल तर ती हवेतील नत्र बांधत आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर काम चाललेले नाही. गाठीच नसतील, तर पुढच्या वेळी दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम रायझोबियम चोळावे. बांधलेल्या नत्राचा मोठा भाग दाण्यांतून घरी जातो. शेंगा तोडून झाड मुळासकट उपटून नेले, तर जमिनीच्या वाट्याला फारसे काही येत नाही. पाला आणि मुळे रानातच राहिली पाहिजेत.

पालटाचा आणखी एक लाभ किडीच्या बाबतीत आहे. फरदडीच्या मोहाने कापूस डिसेंबरनंतर उभा राहिला, की गुलाबी बोंडअळीला खाद्य मिळत राहते. २०१७ साली महाराष्ट्राने तिचा तडाखा अनुभवला. कापूस वेळेवर निघाला आणि पुढच्या हंगामात त्या रानात दुसरे पीक आले, तर तिची साखळी तुटण्यास मदत होते. पण शेजारचा कापूस उभा असेल तर पतंग तेथून उडून येतात. म्हणून हा निर्णय शिवाराने मिळून घ्यावा.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे : हे परवडणार कोणाला? एका सालाच्या बटाईने जमीन कसणाऱ्याने तिसऱ्या वर्षीच्या कापसासाठी आजचे पीक का सोडावे? सुधारलेल्या जमिनीचा लाभ तर मालकाला मिळणार! बटाई तीन वर्षांची झाली किंवा मालकाने मुगाच्या वर्षी वाटा कमी घेतला, तरच हा हिशेब जुळेल. आपल्या सादरीकरणाचा शेवट या प्रश्नाने करा आणि समोर बसलेल्या शेतकऱ्यांनाच उत्तर विचारा.