निबंध वर्गातच लिहू द्या

(वसंत व्याख्यानमालेत मुलुंड येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आज आपल्या प्रत्येक स्टाफरूममध्ये एकच विषय आहे. मुलं निबंध आणि प्रोजेक्ट चॅटजीपीटीकडून लिहून घेतात, मग ते पकडायचं कसं? त्यावर व्यवस्थापनाचं उत्तरही ठरलेलं असतं : एआयचा मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर, म्हणजे डिटेक्टर, विकत घ्या. माझं म्हणणं आहे की आपण गृहपाठाची रचना बदलली, तर या डिटेक्टरची गरज जवळजवळ उरत नाही. ती रचना कशी असावी, एवढंच आज मी सांगणार आहे.

आधी डिटेक्टरविषयी थोडं. यूजीसीचे २०१८ चे वाङ्मयचौर्याचे नियम आपल्याला ठाऊक आहेत. त्यात मजकुराची जुळणी तपासतात; दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. तिथे मूळ लेख समोर ठेवता येतो आणि अमुक परिच्छेद अमुक ठिकाणाहून उचलला, असं दाखवता येतं. एआय डिटेक्टरकडे असा मूळ लेख नसतो. पुढचा शब्द कितपत अपेक्षित आहे, वाक्यांची ठेवण किती एकसारखी आहे, हे मोजून तो अंदाज बांधतो. सोपे शब्द आणि सरळ वाक्यं दिसली की त्याचा संशय वाढतो.

आता आपल्या उपनगरांतला वर्ग आठवा. घाटकोपरची गुजराती माध्यमातून आलेली मुलगी आणि बोरिवलीचा मराठी माध्यमातला मुलगा एफवायला शेजारी बसून इंग्रजीत लिहितात. त्यांची वाक्यं सोपी असणारच. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे ९१ टोफेल निबंध सात डिटेक्टरांना दिले. माणसांनी लिहिलेल्या या निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळपास सगळे सुटले. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर जानेवारी २०२३ मध्ये आणला आणि अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत मागे घेतला.

साधा हिशोब करून पाहू. समजा, तुकडीत १२० मुलं आहेत आणि त्यांतल्या २० जणांनी एआयकडून लिहून घेतलं. डिटेक्टर त्यांतले १६ पकडतो. उरलेल्या १०० प्रामाणिक मुलांपैकी फक्त पाच जणांवर त्याने चुकून बोट ठेवलं, तरी पकडलेल्या २१ जणांत पाच निरपराध निघतात. आपल्या मुलांच्या इंग्रजीमुळे ही चूक शंभरात वीस झाली, तर पकडलेल्या ३६ जणांत निरपराधच जास्त. त्या मुलाने आपला निर्दोषपणा सिद्ध करायचा तरी कशाच्या जोरावर? त्याच्याकडे कच्चा खर्डा नसतो, कारण आपण तो कधी मागितलेलाच नसतो.

चूक इथे आहे. आपण फक्त शेवटची प्रत मागतो. ‘पाण्याची बचत’ असा विषय फळ्यावर लिहितो, पंधरा दिवसांनी स्पायरल बाइंडिंग केलेली फाइल घेतो आणि मार्क देतो. एआय येण्याआधीही कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात हीच फाइल तयार मिळत होती. मुलाने ती लिहिली की नाही, हे आपल्याला तेव्हाही कळत नव्हतं.

म्हणून तोच विषय घेऊन तो वेगळ्या रीतीने मांडून पाहू. मुंबईला सात तलावांतून पाणी मिळतं, त्यांतले विहार आणि तुळशी तर आपल्या उपनगरांतच आहेत. भांडुपचं जलशुद्धीकरण केंद्र इथून हाकेच्या अंतरावर आहे. ही माहिती कुठलंही यंत्र एका मिनिटात लिहून देईल. आपण मुलांना सांगायचं : सात दिवस घरातल्या पाण्याची नोंद ठेवा. पाणी किती वाजता आलं, किती वेळ आलं, कशात भरलं, कोणी भरलं. नोंद हाताने लिहिलेली हवी. वहीचं पान चुरगळलेलं असलं तरी चालेल.

आठव्या दिवशी पहिला तास. आपला तास ४८ मिनिटांचा. फोन दप्तरात जातात. शिक्षक कोरे कागद वाटतात आणि नेमका प्रश्न तेव्हाच सांगतात : ‘तुमच्या नोंदीतला जो दिवस इतर दिवसांपेक्षा वेगळा गेला, तो का वेगळा गेला ते लिहा.’ प्रश्न आधी सांगितला, तर काही मुलं यंत्राचा मजकूर पाठ करून येतात. अर्धा तास लेखन. मग कागदांवर सही करून ते गोळा करायचे.

हे कागद तपासायचे नाहीत. वाचायचे आणि समासात एकच प्रश्न लिहायचा. एका कागदाला दोन मिनिटं धरली, तर १२० मुलांना चार तास लागतात. पुढच्या आठवड्यात दुसरा तास : कागद परत द्यायचे आणि समासातल्या प्रश्नाचं उत्तर मजकुरात येईल अशा रीतीने मुलांनी वर्गातच पुन्हा लिहायचं. त्यानंतरच घरी पक्की प्रत. ती टाइप केलेली चालेल, व्याकरणासाठी यंत्राची मदत घेतलेलीही चालेल; मात्र कुठे घेतली ते खाली लिहायचं आणि नोंद व दोन्ही खर्डे जोडायचे.

यातून काय घडतं? समजा, असल्फ्याच्या टेकडीवर राहणारी एक विद्यार्थिनी आहे. घरात सहा माणसं. तिच्या नोंदीनुसार पाणी पहाटे पाच-दहाला येतं आणि पन्नास मिनिटं टिकतं. दोनशे लिटरची दोन पिंपं आणि वीस लिटरचे चार हंडे भरतात. म्हणजे ४८० लिटर, माणशी ८० लिटर. इमारतीतल्या माणसासाठी दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण धरलं जातं, ते तिला वर्गात कळतं. गुरुवारी पाणी अर्धाच वेळ आलं आणि २४० लिटरच भरलं.

पहिल्या खर्ड्यात ती लिहिते : ‘गुरुवारी पाणी कमी आल्यामुळे आम्हाला खूप त्रास झाला.’ हे वाक्य कोणीही लिहील. शिक्षक समासात विचारतात : ‘त्रास कोणाला झाला? घरातलं कोणतं काम राहिलं?’ दुसऱ्या खर्ड्यात ती लिहिते : ‘गुरुवारी दुसरं पिंप रिकामं राहिलं. आईने कपडे भिजवलेच नाहीत आणि मी कॉलेजला बुधवारचाच ड्रेस घालून आले.’

आता तिच्या पक्क्या प्रतीला डिटेक्टर कशाला हवा? नोंदीतले आकडे, पहिला खर्डा, समासातला प्रश्न आणि दुसरा खर्डा असा सगळा पुरावा तिच्या बाजूने उभा आहे. उद्या कोणी तिच्यावर आरोप केलाच, तर ती हे कागद दाखवू शकते.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. वैयक्तिक विषय दिला की यंत्राला लिहिता येत नाही, असं अनेकांना वाटतं. ते खरं नाही. आजीच्या हातच्या पोळ्या, चाळीतला गणपती, पहिली लोकल हे सगळं यंत्र छान रचून देतं. वैयक्तिक विषयाचा उपयोग वेगळा आहे : त्यावर आपण प्रश्न विचारू शकतो आणि ज्याने ते पाहिलं त्यालाच उत्तर देता येतं. म्हणून विषय मोजता, पाहता, विचारता येईल असा हवा. ७ नोव्हेंबर २०२२ ला अंधेरीचा गोखले पूल बंद झाला आणि २६ फेब्रुवारी २०२४ ला त्याची एक बाजू खुली झाली. पुलाचा इतिहास मागू नका. त्या काळात पूर्वेकडून पश्चिमेला रोज जाणाऱ्या एका माणसाला भेटा, त्याचा बदललेला रस्ता कागदावर काढा आणि त्याची वाढलेली मिनिटं लिहा, असं सांगा.

लबाडी तरीही होईल आणि ती ओळखताही येईल. खोट्या नोंदीत सातही दिवस सारखेच असतात. खरं घर इतकं नियमित चालत नाही. पक्की प्रत बाहेरून आली असेल, तर खर्ड्यातले तपशील तिच्यातून नाहीसे होतात. गुरुवार जातो, पिंप जातं आणि ‘पाणी हा मानवी जीवनाचा अविभाज्य घटक आहे’ असं वाक्य येतं. अशा वेळी मुलाला दोन मिनिटं बोलवायचं आणि विचारायचं, ‘हे का काढलंस?’ पण फक्त संशयितांनाच बोलावलं, तर बोलावणं हीच बदनामी होते. म्हणून प्रत्येक गृहपाठाच्या वेळी काही मुलांना चिठ्ठ्या टाकून बोलवावं. वर्षभरात सगळ्यांची पाळी येते.

मार्कांची वाटणीही याला धरूनच हवी. वीस मार्क असतील, तर नोंदीला चार, पहिल्या खर्ड्याला फक्त लिहिल्याबद्दल चार, दुसऱ्या खर्ड्यातल्या सुधारणेला सहा आणि पक्क्या प्रतीला सहा. शेवटच्या प्रतीवर सहाच मार्क असले, की ती विकत घेण्यात फारसा अर्थ उरत नाही.

या पद्धतीला मर्यादा आहेत. मोठ्या प्रबंधाला ती पुरत नाही. तिथे मार्गदर्शकानेच टप्प्याटप्प्याने खर्डे पाहावे लागतात. अर्धवेळ नोकरी करणारी मुलं तास चुकवतात, त्यांच्यासाठी लेखनाचा एक जादा तास ठेवावा लागतो. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळतो, तो इथेही मिळायला हवा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं : घराविषयी लिहायची सक्ती करू नये. कोणाच्या घरी भांडण असतं, कोणाचं घर तुटलेलं असतं, कोणाला आपल्या वस्तीचं नाव वर्गात सांगायचं नसतं. घर, स्टेशन, कामाची जागा यांपैकी एक निवडायची मुभा द्यावी. खर्डे वर्गात मोठ्याने वाचायचे झाले, तर मुलाला विचारूनच.

स्वतःच्या जगण्यावर लिहिणं हलकं, असं कोणाला वाटत असेल तर त्यांना मुक्ता साळवेची आठवण करून द्यावी. फुल्यांच्या शाळेतल्या या विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’त छापून आला. तिने आपल्या समाजाचं भोगलेलं, पाहिलेलं लिहिलं आणि थेट प्रश्न विचारले. पावणेदोनशे वर्षं होत आली, तो निबंध आजही अभ्यासला जातो.

जूनमध्ये नवं वर्ष सुरू होईल. शिक्षकांना माझी विनंती आहे की सगळे नकोत, एकच गृहपाठ या पद्धतीने देऊन बघा. व्यवस्थापनाला विनंती आहे की डिटेक्टरच्या परवान्याचा खर्च मंजूर करण्याआधी तुकडीला लेखनाचे दोन तास आणि शिक्षकाला वाचनाचे चार तास वेळापत्रकात द्या. आणि पालकांनो, आपल्या मुलावर उद्या यंत्राने लिहून घेतल्याचा आरोप झाला, तर शाळेला पहिला प्रश्न हाच विचारा : त्याचा पहिला खर्डा तुम्ही पाहिला होता का?