अकरा महिने आणि एक गोल शिक्का

मी वकील नाही, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आकुर्डीत भाड्यानं राहिलो आणि ठेवीच्या पैशांवरून भांडलो, त्यातून जे कळलं तेवढंच इथे सांगतो. आपल्या हॉलमध्ये कॉलेजची मुलं आहेत, चाकणला कामाला जाणारे आहेत, घर भाड्यानं देणारेही दोन-चार दिसताहेत. हे तिघांसाठी आहे.

माझं घर महिना 14,000 भाड्याचं होतं, ठेव 50,000. एजंटनं स्टॅम्प पेपरवर करार टाइप करून आणला, नोटरीचा गोल शिक्का मारला आणि म्हणाला, “अकरा महिन्यांचाच आहे, रजिस्टर करायची गरज नाही.” मी मान डोलावली. नवव्या महिन्यात नोकरी बदलल्यामुळे घर सोडलं, तर मालक म्हणाले, ठरल्याप्रमाणे महिन्याची नोटीस दिली खरी, पण अकरा महिने पुरे झालेले नाहीत, दोन महिन्यांचं भाडं कापणार. वर रंगाचे पैसे वेगळे. कागदात मुदतीपूर्वी सोडण्याबद्दल एक ओळही नव्हती.

आता अकरा महिन्यांची गोष्ट. नोंदणी कायदा 1908 मधल्या कलम 17 प्रमाणे एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची. ती टाळायला अकराचा आकडा आला, आणि देशभर रुळला. पण महाराष्ट्रात 2000 सालापासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 लागू आहे. त्याचं कलम 55 म्हणतं की घर भाड्यानं देण्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा कोणताही करार लेखी असला पाहिजे आणि नोंदवलेला असला पाहिजे. त्यात महिन्यांची सूट नाही. तीन महिन्यांचा करारही नोंदवायचा. आणि नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. नोटरी सह्या साक्षांकित करतो, नोंदणी दुय्यम निबंधकाकडे होते.

नोंदणी करून घेण्याची जबाबदारी याच कलमानं मालकावर टाकली आहे. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण माझ्या कामाचं त्यातलं दुसरंच वाक्य होतं. लेखी नोंदणीकृत करार नसेल तर भाडं कोणत्या अटींवर ठरलं, याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे दोन महिन्यांची अट ठरली होती हे सिद्ध करायचं ओझं त्यांच्यावर.

मी हे कलम लिहून साधं पत्र रजिस्टर्ड पोस्टानं पाठवलं. तीन आठवड्यांनी रंगाचे 3,000 कापून बाकी पैसे आले. मी तेवढ्यावर सोडलं. कोर्टात गेलो असतो तर बाकीचेही मिळाले असते का, माहीत नाही. पण फेऱ्या त्याहून महाग पडल्या असत्या.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. कलम अटींबाबत तुमचा शब्द धरतं. पैसे खरंच दिले का, हा पुराव्याचा प्रश्न. माझी ठेव बँकेतून गेली होती, म्हणून मालकांना “मिळालीच नाही” म्हणता आलं नाही. आमच्याच इमारतीतल्या एका पोरानं रोख दिली होती, पावती नाही. त्याला हे कलम कितपत उपयोगी पडेल?

आणि खर्च तरी किती? वर्षभराचा हिशेब सोडा, माझाच करार घेऊ. 11 महिन्यांचं भाडं 1,54,000. परत मिळणाऱ्या ठेवीवर वर्षाला 10 टक्क्यांनी व्याज धरतात, ते 11 महिन्यांचं 4,583. बेरीज 1,58,583, त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे जवळपास 400 रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000, ग्रामीण भागात 500. एजंटची दलाली यापेक्षा कितीतरी जास्त होती! हा खर्च कोणी करायचा हे आधी बोलून घ्या.

नोंदणी महाराष्ट्राच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून घरबसल्याही होते. दोन्ही पक्षांचे आधार, अंगठा, कॅमेऱ्यासमोर फोटो, आणि साक्षीदार लागतात. झाली की नाही हे ओळखायचं असेल तर एजंटकडे दस्त क्रमांक आणि इंडेक्स-2 मागा. नोंदवलेल्या कराराला ते असतातच. फक्त गोल शिक्का दाखवला, तर नोंदणी झालेली नाही.

दर अकरा महिन्यांनी नवा कागद करण्याचीही गरज नाही. या शुल्काचा दर 60 महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सला लागू आहे. माझ्याच भाड्यानं 33 महिन्यांचा एक करार केला तर शुल्क साधारण 1,200 आणि फी एकदाच 1,000. तेच तीनदा केलं तर 4,200.