एका पानावर भूमिती: रिव्हिजनची नोट बनवताना मी काय चुकले

मी अंबरनाथ पूर्वेला दहावीच्या मुलांचा गणिताचा क्लास घेते. मुलं उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी तिन्हीकडची. काही जण क्लासनंतर घरच्या शिलाईकामात हात लावतात, म्हणजे रिव्हिजनला वेळ मोजकाच. म्हणून मी दरवर्षी गणित भाग २, म्हणजे भूमितीची, एका पानाची नोट झेरॉक्स करून देते. पाठपोट, बस. आज त्या पानाबद्दलच बोलायचंय, कारण पहिल्या वर्षी मी ते साफ चुकीच्या क्रमाने लावलं होतं.

तेव्हा काय केलं, तर जुन्या प्रश्नपत्रिका घेतल्या, प्रत्येक प्रकरणाला किती गुण आले ते मोजलं आणि जास्त गुणांचं वर. सात प्रकरणं, सोपं काम. 'वर्तुळ' अगदी डोक्यावर बसलं, 'समरूपता' खाली गेली.

यात पहिली गोची मोजण्यातच होती. पेपर चाळीस गुणांचा, पण 'कोणतेही दोन सोडवा' धरून छापलेले गुण साठ होतात. त्यातले वीस कोणीच सोडवत नाही. शिवाय चाळीसपैकी वीस गुण पहिल्या दोन प्रश्नांत, म्हणजे एकेक-दोनदोन गुणांच्या प्रश्नांत असतात. चार गुणांच्या एका अवघड प्रमेयामुळे प्रकरण जड दिसतं, पण जो मुलगा कसाबसा पास व्हायला बघतोय, तो त्या प्रश्नाकडे जातच नाही. मग ते प्रमेय त्याच्या पानावर वर कशाला?

पण खरी चूक वेगळीच होती, आणि ती मला एका मुलीच्या वहीत दिसली. गणित असं होतं: वर्तुळाबाहेरच्या E बिंदूतून दोन छेदिका. एक वर्तुळाला A आणि B मध्ये छेदते, दुसरी C आणि D मध्ये. EA = 4, AB = 5, EC = 3. CD काढा. तिने लिहिलं, 4 × 5 = 3 × CD, आणि उत्तर आलं वीस भागिले तीन. सूत्र विचारलं तर घडाघडा म्हणून दाखवलं, "मॅडम, EA × EB = EC × ED." पाठ होतं हो! पण EB म्हणजे E पासून थेट B पर्यंत, नऊ, हे तिला दिसलंच नव्हतं. खरं उत्तर असं: 4 × 9 = 36, म्हणून ED बारा, आणि त्यातून EC चे तीन वजा केले की CD नऊ.

तिला मी सूत्र परत सांगितलं नाही. A-D जोडायला लावलं, C-B जोडायला लावलं. △EAD आणि △ECB, E कोन दोघांत सामाईक, आणि D व B चे कोन एकाच कंसातले, म्हणून समान. कोको कसोटी. आता बाजू मांडायच्या झाल्या तर सगळ्या E पासूनच सुरू होतात. AB लिहायला जागाच उरत नाही. जीवा वर्तुळाच्या आत छेदल्या तरी हेच दोन त्रिकोण, फक्त E चे कोन विरुद्ध कोन होतात. म्हणजे 'वर्तुळ'मधली तिची चूक मुळात 'समरूपते'तली होती, आणि तेच मी पानाच्या तळाशी ढकललं होतं.

मग पुढच्या वर्षी पद्धत बदलली. प्रत्येक उपघटकाची एक चिठ्ठी केली आणि जमिनीवर पसरून एकच प्रश्न विचारला: ही चिठ्ठी फाडली तर आणखी कुठल्या अडतील? पुस्तकातली पायथागोरसची सिद्धता समरूप त्रिकोणांवर उभी आहे. अंतराचं सूत्र म्हणजे पायथागोरसच. sin²θ + cos²θ = 1 तेही तेच. कोको कसोटी आणि मूलभूत प्रमाणाचं प्रमेय फाडलं तर निम्मा मजला खाली येतो, म्हणून ते सर्वांत वर गेलं. अपोलोनियसचं प्रमेय फाडलं तर काहीच हलत नाही. ते खाली, छोट्या अक्षरात. गुण मी अजूनही बघते, पण दोन चिठ्ठ्या बरोबरीच्या ठरल्या की मगच.

'महत्त्वमापन' मात्र या क्रमात बसत नाही. शंकुछेदाचं सूत्र कशावर फारसं अवलंबून नाही आणि त्याच्यावरही काही नाही. म्हणून ज्याच्याकडे दोनच दिवस आहेत, त्याला मी सांगते, पान उलट कर आणि मागून सुरू कर, कारण मुळापासून समरूपता बसायला दोन दिवस पुरत नाहीत. पंधरा दिवस असतील तर पुढूनच.

एवढं करूनही पान भरलं की मला काहीतरी कोंबायचा मोह होतोच. मागच्या वेळी अक्षर इतकं बारीक केलं की झेरॉक्सवाले काका म्हणाले, "मॅडम, हे पोरं वाचणार कशी?" घरी येऊन तीन ओळी खोडल्या. तिन्ही ओळी अशा होत्या, ज्यांच्या चिठ्ठ्या फाडून काहीच पडत नव्हतं.