एकाच माणसाच्या दोन हातांचं भांडण

एक माणूस उजव्या हातानं शर्टाची बटणं लावतोय आणि त्याचाच डावा हात मागोमाग ती सोडतोय. 'मी नाही करत, हातच करतोय,' असं तो कळवळून सांगतो. आपल्या जालन्याकडं असं दिसलं की कुणीतरी म्हणणारच, 'बाहेरचं आहे.' पण बिघाड आतला असतो, मेंदूतला.

मेंदूचे दोन अर्धे असतात. डावा अर्धा उजवा हात चालवतो, उजवा अर्धा डावा हात. मधे सुमारे २० कोटी तंतूंचा पट्टा असतो, कॉर्पस कॅलोसम. बैलजोडीच्या मानेवरचं जूच समजा. ते तुटलं की दोन्ही बैल धडधाकट असतात, पण औत सरळ चालत नाही.

१९६२ साली लॉस एंजेलिसमध्ये एका माजी सैनिकाचा हा पट्टा डॉक्टरांनी मुद्दाम कापला. त्याच्या फिट्स औषधांना दाद देत नव्हत्या. अभ्यासात त्याला डब्ल्यू. जे. म्हणतात. नंतर त्याला लाल-पांढरे ठोकळे देऊन चित्राप्रमाणे मांडायला सांगितलं. डाव्या हाताला ते सहज जमलं, कारण अशा मांडणीत मेंदूचा उजवा अर्धा तरबेज असतो. उजव्या हाताला मात्र काही केल्या जमेना. मग डावा हात मदतीला घुसू लागला. दोन्ही हात मोकळे सोडले, तर एकानं जुळवायचं आणि दुसऱ्यानं मोडायचं! ज्यांच्या प्रयोगशाळेत हे तपासलं, त्या रॉजर स्पेरींना १९८१ मध्ये नोबेल मिळालं.

पट्टा तुटलाय हे ओळखायचं कसं? पेशंटचे डोळे मिटून डाव्या हातात किल्ली द्यायची. बोलणं बहुतेकांच्या डाव्या अर्ध्यात असतं आणि किल्लीची खबर पोचते उजव्यात. त्यामुळे त्याला नाव सांगता येत नाही. पण चार वस्तूंमधून तोच हात ती किल्ली बरोबर शोधून काढतो. म्हणजे हाताला कळलंय, तोंडाला कळलेलं नाही.

ऑपरेशन न होताही हा पट्टा दुखावतो: गाठीमुळे, किंवा त्याला रक्त पुरवणारी धमनी बंद पडून, म्हणजे स्ट्रोकमुळे. आणि हात परका होण्याचं कारण दरवेळी हा पट्टाच असतो असंही नाही. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली, तर हात समोर दिसेल ते पकडतो आणि सोडत नाही. म्हणून एमआरआय लागतो.

ऑपरेशननंतरचं हे भांडण बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत निवळतं. पण हात असा अचानक वागायला लागला, तर तो स्ट्रोक समजूनच चाला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. तेव्हा आधी १०८ ला फोन करा आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते लिहून ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.