उकाडा आणि अंगावरचे कापड

पावसाळ्याच्या तोंडावर सुरतेजवळ कामरेजच्या चौरस्त्यावर कापडाचे गठ्ठे चढवणारा हमाल पाहावा. सदरा अंगाला चिकटलेला असतो, घाम थेंबाथेंबाने गळत असतो, आणि तरीही त्याचा जीव कासावीस होतो. याचे कारण असे की घाम आल्याने अंग निवत नाही. तो वाळल्याने निवते. एक लिटर घाम वाळताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मात्र जमिनीवर टपकलेला थेंब शरीराच्या काहीच उपयोगी पडत नाही.

दमट हवेत आधीच वाफ भरलेली असल्यामुळे घाम सावकाश वाळतो. म्हणून कापडाने निदान अडथळा तरी करू नये. येथे आपण सारा दोष धाग्याला देतो: सुती चांगले, पॉलिएस्टर वाईट. हे अर्धेच खरे आहे. सुती धागा घाम पितो, पण भिजल्यावर फुगतो. वीण दाट असेल तर तिची छिद्रे पाण्याने बुजतात, आणि जाड सुती सदरा ओल्या पोतेऱ्यासारखा अंगावर बसतो. पॉलिएस्टरचा धागा स्वतः पाणी जवळजवळ पीत नाही. त्याचे गुळगुळीत, दाट कापड घाम कातडीवरच कोंडते. पण त्याच धाग्याची जाळीदार वीण घाम पसरवून लवकर वाळू देते. तेव्हा धाग्याइतकेच महत्त्व विणीला आहे.

याची परीक्षा दुकानातही करता येते. कापड ओठांशी धरून फुंकर घालावी. पलीकडच्या तळहाताला वारा लागला पाहिजे. शक्य असेल तर तुकडा भिजवून, पिळून पुन्हा फुंकावे. कोरडे असताना वारा सोडणारे कित्येक कापड ओले होताच बंद होते. विरळ मलमल आणि दाट ड्रिल यांतील भेद तेव्हाच कळतो.

आता आत बनियन घालावे काय? ते घाम टिपून पसरवते आणि सदरा पाठीला चिकटू देत नाही. परंतु प्रत्येक थर आपल्याबरोबर स्थिर हवेचा एक पदर वाढवतो, आणि टिपलेला घाम कातडीपासून दूर वाळला तर त्याचा गारवा काही अंशी कापडालाच मिळतो. म्हणून बनियन पातळ, जाळीचे असावे आणि वरचा सदरा सैल, खाली मोकळा असावा. असा सदरा चालताना भात्याप्रमाणे हलतो, आतली दमट हवा बाहेर टाकतो व नवी आत घेतो. तो घट्ट असला किंवा विजारीत खोचला, की हा भाता बंद पडतो.

मात्र हवा वाफेने अगदी भरून गेली आणि कातडीइतकी तापली, तर कोणतीही वीण कामास येत नाही. तेव्हा सावली, पाणी आणि विसावा हेच उपाय उरतात. गठ्ठे चढवणाऱ्याला ते वेळेवर मिळाले पाहिजेत.